बसलेले, डावीकडून

आपल्या वार्षिकांकात दरवर्षी चकचकीत कागदाची चार-सहा पाने असतात. त्यांवर क्रीडा विभाग, सांस्कृतिक मंडळ, राष्ट्रीय सेवा योजना अशा सगळ्यांचे फोटो छापलेले असतात आणि प्रत्येकाखाली बारीक टाइपात ठरलेला मजकूर असतो : बसलेले (डावीकडून), उभे (डावीकडून), जमिनीवर बसलेले. अंक हाती पडला की आपण लेख, कविता सारे ओलांडून प्रथम ह्याच पानांवर येतो, गर्दीत आपला चेहरा शोधतो आणि मग बोटाने मोजत मोजत खालचे नाव बरोबर आले आहे का ते पाहतो. एखादे नाव मागेपुढे झाले तर वर्षभर कबड्डीचा कप्तान हस्तकला प्रदर्शनाचा प्रमुख म्हणून ओळखला जातो. त्या मजकुराचे काम तेवढेच. कोण कुठे उभा होता हे तो सांगतो; तो माणूस कसा होता हे सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही.

दुसरा एक मजकूर आपल्याला ठाऊक आहे, तो स्नेहसंमेलनातला. शेलापागोटे, ज्यांना आपण फिशपाँड म्हणतो. नोटीस बोर्डाशेजारी खोका ठेवतात, त्यात निनावी चिठ्ठ्या पडतात, समिती त्यातल्या फारच तिखट असतील त्या बाजूला काढते आणि उरलेल्या व्यासपीठावरून वाचल्या जातात. शेला आणि पागोटे देऊन एखाद्याचा सन्मान करावा, तसा हा उलटा सन्मान. त्यात नाव घेऊन माणसाची फिरकी घेतात आणि सबंध मंडप हसतो. पण शेलापागोट्याचे आयुष्य एका संध्याकाळचे. मांडव सुटला की ते विसरले जाते, आणि म्हणूनच त्यात थोडे जास्त बोललेले चालून जाते.

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझ्याकडे जे काम आले ते ह्या दोहोंच्या मधले होते. अकोल्याला आमच्या गल्लीतल्या एका मित्राने नवे केशकर्तनालय उघडले. दोन खुर्च्या, एक बाक, भिंतभर आरसा. त्याला आम्ही टॉवर म्हणतो, कारण तो नववीतच दाराच्या चौकटीला लागू लागला होता. टॉवरच्या मनात आले की दुकानात नटनट्यांची चित्रे लावण्यापेक्षा आपल्या पोरांचा क्रिकेटच्या सामन्यानंतर काढलेला फोटो मोठा करून, फ्रेम करून लावावा आणि प्रत्येकाच्या नावापुढे एकेक ओळ असावी. त्याचा फोन आला, "तू कॉलेजात हायेस, तूच लिव. नऊ जण हायेत, नऊ ओळी. काय लागते त्याले!"

काय लागते त्याला, हे मला पुढच्या बारा दिवसांत कळले.

आधी फोटोविषयी. करोनाच्या साथीनंतर शाळा पुन्हा सुरू झाल्या, त्याच्या पुढच्या दिवाळीतला हा फोटो. जुन्या शहराच्या बाजूला, डाबकी रोडकडे, एका लेआउटमध्ये तेव्हा एक खाली प्लॉट होता. आता तिथे दुमजली घर आहे. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगेच्या काठावर पडलेला टेनिस बॉल कुणीकडे वळेल हे बॉल टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही. पण दिवाळीच्या सुमारास जमीन अजून थोडी ओलसर असते, भेगा मिटलेल्या असतात आणि टप्पा सरळ पडतो. म्हणून आमचे सगळे महत्त्वाचे सामने दिवाळीत. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीशी सहा सहा षटकांचा सामना झाला. बॉलला निळी चिकटपट्टी गुंडाळली होती. यष्टी म्हणून एका टोकाला खऱ्या काड्या आणि दुसऱ्या टोकाला चार विटा. सरळ नालीत गेला तर दोन धावा, कुणाच्या अंगणात थेट पडला तर फलंदाज बाद, एक टप्पा एक हात बाद. सामना संपल्यावर नऊ जण तिथेच उभे राहिले, बसले आणि मोबाइलवर हा फोटो निघाला.

फोटोत सगळे हसताहेत. सरपंचाने बॅट आकाशाकडे केली आहे. टॉवरने दोन्ही हात पसरले आहेत. पाहणारा कुणीही म्हणेल की ही मंडळी सामना जिंकली. प्रत्यक्षात आम्ही दोन धावांनी हरलो होतो आणि शेवटच्या बॉलवर सरपंच ज्या तऱ्हेने आडवा पडला होता त्याला सगळे हसत होते. ह्या एका गोष्टीवरून मला पहिली ओळ सापडली. ती कुणा एकाच्या नावची नव्हती, सबंध फोटोची होती : "सामना हरल्यानंतर लगेच."

क्रिकेटचा एक गाजलेला फोटो आहे, ब्रिस्बेनचा, १४ डिसेंबर १९६०चा. ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज ह्यांच्यातल्या त्या कसोटीत शेवटच्या क्षणी ज्यो सॉलोमनने बाजूने फेकलेला चेंडू थेट यष्टीवर बसला आणि इयन मेकिफ धावबाद झाला. कसोटीच्या इतिहासातला तो पहिला बरोबरीत सुटलेला सामना. रॉन लोविट ह्या वृत्तपत्र-छायाचित्रकाराने तो क्षण टिपला, तोही त्याच्याजवळ उरलेल्या शेवटच्या प्लेटवर, असे सांगतात. मी तो फोटो अनेकदा पाहिला आहे. यष्ट्या विसकटलेल्या आहेत, खेळाडूंचे हात वर गेले आहेत, उड्या मारल्या आहेत. पण दोन्ही बाजूंच्या धावा सारख्या झाल्या होत्या हे त्या फोटोत कुठेही दिसत नाही. दिसणारही नाही. ते खालच्या ओळीने सांगायचे असते. फोटो एक क्षण धरतो. त्याच्या आधी काय झाले आणि मागाहून काय झाले हे त्याला ठाऊक नसते. म्हणून "सरपंच बॅट उंचावताना" असे लिहिणे म्हणजे जे सर्वांना दिसते आहे तेच पुन्हा सांगणे. त्याने ती का उंचावली, हे लिहिले तर उपयोग.

सरपंच हा आमच्यातला एकमेव बॅटचा मालक. ज्याची बॅट त्याची पहिली फलंदाजी, हा जगन्मान्य नियम आमच्याकडेही होता. पण सरपंचाने त्यात भर घातली होती. तो बाद झाला की प्रथम पंचाकडे बघायचा, मग बॅटकडे, मग आपल्या घराच्या दिशेने. तेवढ्याने तो बॉल "ट्रायल" ठरायचा. आज तो ई-रिक्षा चालवतो आणि टॉवर चौकापासून रेल्वे स्टेशनपर्यंतचा प्रत्येक खड्डा त्याला तोंडपाठ आहे. त्याच्यासाठी मी आधी लिहिले होते, "गल्लीचा धोनी." लिहिले आणि लगेच खोडले. गल्लीचा धोनी, वॉर्डाचा कोहली, मोहल्ल्याचा कपिल देव असल्या ओळी भारतातल्या कुठल्याही नऊ पोरांच्या कुठल्याही फोटोखाली चालतात. शिवाय भारतीय संघात यष्टिरक्षण केलेला जितेश शर्मा ह्याच आपल्या अमरावतीचा. इतक्या जवळ खरा मनुष्य असताना उसन्या पदव्या कशाला वाटायच्या? जी ओळ दुसऱ्या फोटोखालीही चालेल ती ह्या फोटोखाली नको, एवढे मी स्वतःशी ठरवून टाकले. मग सरपंचाची ओळ अशी झाली : "सरपंच. बॅट घरची, पंचही घरचा. एकूण बाद : शून्य."

ही ओळ फोनवर वाचून दाखवली तेव्हा त्याने मला ज्या शिव्या दिल्या त्या वार्षिकांकात छापण्यासारख्या नाहीत. पण शिव्या आल्या, ह्याचा अर्थ ओळ बसली. हे मी गमतीने म्हणत नाही. आमच्या पोरांत हीच खूण आहे. चिडवलेला माणूस उलट चिडवतो, आईवरून-बापावरून सोडून बाकी सगळे बोलतो, "थांब बे, येतोच मी अमरावतीले" म्हणतो, तेव्हा त्याला लागलेले नसते. त्याला लागते तेव्हा तो अतिशय सभ्य होतो. "अबे" जातो आणि "भाऊ" येतो. "बरोबर आहे भाऊ." आमच्या वऱ्हाडात रागावलेल्या मित्राचे ते शेवटचे वाक्य.

असे एकदा झाले होते, आणि ते ह्याच फोटोवरून. नऊ जणांत एक गोंद आहे. त्याच्या हाताला बॉल लागला की सुटत नसे म्हणून गोंद. शाळा दहावीनंतर सुटली आणि तो एका दालमिलमध्ये लागला. तिथे यंत्रात सापडून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. पुढे महिन्याभराने आमच्यातल्याच एकाने जुने फोटो चाळता चाळता हा फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकला आणि खाली लिहिले : "गोंद सुटला." लिहिणारा दुष्ट नव्हे. दवाखान्यात गोंदाजवळ रात्री झोपायला तोच जात होता. त्याला वाटले की इतक्या दिवसांनी पुन्हा पहिल्यासारखी चेष्टा केली की सगळे पहिल्यासारखे होईल. तीन-चार जणांनी हसऱ्या तोंडाची चित्रे टाकली. गोंदाने तासाभराने उत्तर दिले, "बरोबर आहे भाऊ." त्यानंतर पंधरा दिवस त्या गटावर त्याचा एक शब्द नाही.

आता फ्रेममध्ये त्याच गोंदासाठी ओळ लिहायची होती. नऊ ओळींपैकी आठ मी तीन दिवसांत लिहिल्या. उरलेले नऊ दिवस ह्या एका ओळीला लागले.

त्या चुकलेल्या ओळीत नेमके काय चुकले होते, ह्याचा मी खूप विचार केला. नाव तेच, खेळही तोच, दोन शब्दांची कोटीही तशी वाईट नाही. पण बाकीच्या आम्हां आठ जणांना ज्या गोष्टींवरून चिडवतात त्या आम्ही केलेल्या आहेत. सरपंचाने पंच फिरवला, टॉवर हात वाकडा करून बट्टा टाकायचा, जीआर रोज नवा नियम काढायचा. बोटे गोंदाने घालवली नव्हती, ती गेली. केलेल्या गोष्टीवरून चिडवले तर माणसाला उत्तर देता येते, मी असा नव्हतोच म्हणता येते किंवा तूच जास्त होतास म्हणता येते. झालेल्या गोष्टीवर काय उत्तर देणार?

ह्यावर एक उपाय म्हणजे गोंदाला चिडवायचेच नाही. टॉवर तसेच म्हणाला. "त्याच्यासाठी काही चांगलं लिव. लढवय्या वगैरे." मी लिहूनही पाहिले : "संकटांना न जुमानणारा आमचा खंदा वीर." आठ जणांची चेष्टा आणि मधोमध एकाचा गौरव. कागदावर ती ओळ श्रद्धांजलीसारखी दिसू लागली. बाकावर बसलेले अनोळखी गिऱ्हाईक ती वाचणार, कोणते संकट म्हणून विचारणार आणि दुकानात दाढी करायला आलेल्या गोंदाचा हात शोधणार. म्हणजे जे त्याच्या आठवणीत मागे पडावे ते आपण काच लावून भिंतीवर टांगणार. दया दाखवून एकाला खेळाच्या बाहेर बसवणे मला जमेना. नऊ जणांत चिडवले न जाणारा एकटाच तो, हे त्याला त्या दोन शब्दांहून जास्त लागले असते.

तेव्हा त्याने काय काय केले ते आठवू लागलो. एकट्याला आठवेना म्हणून जीआरला फोन केला. जीआरचे मूळ काम नियम काढणे असल्याने त्याची स्मरणशक्ती दांडगी. तो म्हणाला, "चहाचा कॅच इसरला का?" आणि मला लख्ख आठवले. एका रविवारी गोंद कुणाच्या तरी ओट्यावरून चहाचा काचेचा ग्लास घेऊन सीमेवर उभा होता. बॉल हवेत आला. त्याने ग्लास खाली ठेवला नाही, टाकलाही नाही. दोन पावले मागे सरकला, एका हाताने कॅच घेतला आणि दुसऱ्या हातातला चहा सांडला नाही. फलंदाज एवढा चिडला की त्याने "चहा घेऊन कॅच चालत नाही" असा अर्ज केला. जीआरने त्यावर अर्धा तास विचार करून तो कॅच वैध ठरवला, मात्र चहा कोणाचा होता ह्याची चौकशी लावली. ती चौकशी आजतागायत चालू आहे.

ओळ झाली : "गोंद. एका हातात कॅच, एका हातात चहा. चहा कोणाचा, चौकशी चालू."

त्यात हात आहेत. मुद्दाम ठेवले. हाताविषयी बोलायचेच नाही असे ठरवले असते तर आमच्या सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाविषयी बोलण्यासारखे काही उरले नसते. ही ओळ मी गटावर टाकली नाही. आधी त्याला एकट्याला पाठवली. रात्री साडेदहाला, पाळी सुटल्यावर, त्याचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "चहा माहाच होता बे! त्या जीआरले सांग, फाईल बंद कर म्हना. साल्यांनो, चार वर्षं झाली!" आणि पुढे पाच मिनिटे तो जीआरच्या पूर्वजांविषयी बोलत राहिला. मी फोन ठेवला आणि वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन थोडा वेळ उभा राहिलो.

असो. आता तांत्रिक अडचणी. टॉवरची कल्पना फ्रेम आरशासमोरच्या भिंतीवर लावायची होती. खुर्चीत बसलेल्या माणसाला ती आरशातून दिसेल, असा त्याचा हिशोब. दुकानात उभे राहून आम्ही कागद धरून पाहिला तेव्हा हसून पुरेवाट झाली. आरशात अक्षरे तर उलटी दिसतातच, पण रांगही उलटते. डावीकडून पहिला सरपंच तो उजवीकडून पहिला होतो. म्हणजे कुणी उलटी अक्षरे वाचण्याची विद्या मिळवली तरी टॉवरची ओळ गोंदाला लागायची आणि गोंदाची टॉवरला. मग फ्रेम आरशाच्या बाजूला, त्याच भिंतीवर लावायचे ठरले. तिथून खुर्चीतल्या माणसाला ती तीनेक फुटांवर दिसते आणि बाकावरच्याला सात-आठ फुटांवर. बाकावरून वाचता यावी एवढी अक्षरे ठेवायची तर एका ओळीत सात-आठ शब्दांपेक्षा जास्त मावत नाहीत. माझ्या पहिल्या खर्ड्यात काही ओळी वीस-वीस शब्दांच्या होत्या. त्या कापल्या. कापताना एक गोष्ट ध्यानात आली की विशेषणे पहिल्यांदा गळतात आणि त्यांच्यावाचून कुणाचे अडत नाही.

टॉवरने आणखी एक व्यावसायिक शंका काढली, जी कुठल्याही समीक्षकाला सुचली नसती. "लय हसू येईन असं लिवू नको. वस्तरा गळ्यावर असते."

भाषेचा प्रश्न होताच. प्रमाण मराठीत लिहावे की आपल्या वऱ्हाडीत? मी आधी सगळे वऱ्हाडीत लिहिले, "हाय", "नाई", "काऊन" असे. वाचून दाखवले तर जीआर म्हणाला, "आपन बोलतो तसं लिवलं त नाटकातल्यासारखं वाटते." त्याचे खरे होते. बोलताना जी भाषा अंगावरच्या सदऱ्यासारखी असते ती फ्रेममध्ये घातली की वेशभूषा होते, आणि बाहेरचा गिऱ्हाईक ओळीला हसण्याऐवजी भाषेला हसतो. उलट वर्तमानपत्री, सरकारी थाटाची मराठी वापरली की आमच्या उद्योगांना ती शोभत नाही, आणि तिथेच गंमत येते. "चौकशी चालू", "एकूण बाद : शून्य" ह्या ओळी त्यातूनच आल्या. वऱ्हाडी शब्द मी एकच ठेवला, तो म्हणजे नाली. तिला गटार म्हटले असते तर आमच्या नालीचा अपमान झाला असता.

त्या नालीचा संबंध अस्मादिकांशी आहे. नऊ जणांत मीही आहे, उभ्यांपैकी उजवीकडून दुसरा, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेला. बॉल नालीत गेला की तो काढायचे काम माझ्याकडे असे, कारण फलंदाजी व गोलंदाजी ह्या दोन्ही क्षेत्रांत माझ्याकडून कुणाची अपेक्षा नव्हती. आता माझी ओळ कोणी लिहायची? मी लिहिली असती तर ती नम्र झाली असती, आणि आपणच आपल्याला मारलेल्या चापटीचा आवाज होत नाही. म्हणून मी ती बाकीच्या आठ जणांवर सोपवली. त्यांनी दोन दिवस खलबते केली आणि गोंदाच्या मोबाइलवरून ओळ आली :

"शिकायला अमरावतीला गेला. बॉल अजून नालीतच आहे."

मी ती बऱ्याचदा वाचली. अकोला ते बडनेरा रेल्वेने जाताना बोरगाव, काटेपूर्णा, मूर्तिजापूर, कुरूम अशी स्टेशने लागतात. अंतर काही फार नाही, गाडी वेळेवर असली तर दोन तासांच्या आत माणूस पोचतो. पण आमच्या नऊ जणांत बारावीच्या पुढे गेलेला मी एकटाच, आणि आमच्या घरातही ह्यापूर्वी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. मी सुटीत गेलो की ते मला जागा करून देतात, चहा आधी मला देतात. हे मला आवडत नाही, पण कसे सांगावे कळत नव्हते. त्यात त्यांच्या आयुष्यावर भिंतीवर टांगायच्या ओळी लिहायला मला सांगितले, म्हणजे शिकलेल्या पोराने न शिकलेल्यांची मजा घेतली असे दिसायचे भय होतेच. ह्या एका ओळीने त्यांनी ते मिटवून टाकले. बॉल काढायला ये, एवढाच निरोप तीत आहे, असे मी समजतो. जीआर म्हणतो की एवढा खोल अर्थ काही नव्हता, शब्द मोजून सातच बसत होते.

छपाईच्या दुकानात शेवटची परीक्षा झाली. माझा मजकूर मोबाइलवरचा. तिथल्या संगणकावर जुन्या वळणाची अक्षरे. तो त्यात उतरवला की जोडाक्षरे फुटतात. "कॅच"ची "कच" झाली, "टॉवर"चा "टवर" झाला आणि "सरपंच"वरचा अनुस्वार उडून सरपंच नुसता "सरपच" राहिला. ऑपरेटर म्हणाला, समजते ना. समजते; पण आपल्या वार्षिकांकातल्या त्या कबड्डीच्या कप्तानाला विचारा. मी शेजारी बसून एकेक शब्द पुन्हा टाइप करून घेतला.

फ्रेम तयार झाल्यावर एक गोष्ट राहिल्याचे लक्षात आले, आणि ती लक्षात आणून दिली टॉवरच्या बहिणीने. त्या दिवशी फोटो तिने काढला होता. आमचे सगळे सामने तिने पाहिले, धावा तिने लिहिल्या, गणिताच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर. पंच कुणीही असो, धावांचा शेवटचा शब्द त्या वहीचा. तिला बॅटिंग मात्र कधी मिळाली नाही. "अंधार पडला", "आता लास्ट ओव्हर आहे", "उद्या पहिली तू" अशी कारणे होती, आणि उद्या नवा जीआर निघायचा. ती आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. फ्रेम पाहून ती म्हणाली, "मी कुठीसा हाय ह्याच्यात?"

आम्ही म्हणालो, तू फोटो काढत होतीस, तू कशी असणार? तिने बोट ठेवले. सूर्य तिच्या पाठीशी होता. जमिनीवर बसलेल्या तिघांच्या पायांजवळ एक लांबट सावली पडली आहे, दोन्ही कोपरे बाहेर काढून मोबाइल धरलेली. तीन वर्षे हा फोटो आम्ही पाहत होतो आणि ती सावली कुणाला दिसली नव्हती.

दुसरा प्रिंट काढावा लागला. टॉवरने कुरकूर केली, पण पैसे दिले. दहावी ओळ सर्वांत खाली आली : "जमिनीवर : सावली. बॅटिंग राहिली. सर्व धावा हिच्या वहीत."

तिला ती दाखवली तेव्हा ती काही बोलली नाही, आत गेली. आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. सभ्य उत्तर येते की काय अशी धास्ती वाटली. ती वही घेऊन बाहेर आली, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवसाचे पान काढले आणि टॉवरच्या खुर्चीत बसून मोठ्याने वाचू लागली. आम्ही सगळे तीन वर्षे समजत होतो की सरपंचाने त्या दिवशी अकरा धावा केल्या. वहीत सात होत्या. दोन वेळा नालीत गेलेला बॉल तिने धरलेलाच नव्हता, कारण, तिच्या म्हणण्याप्रमाणे, तो आधी अंगणाच्या भिंतीला लागून मग नालीत पडला होता. सरपंच बाहेर रिक्षात बसला होता. त्याला आत बोलावले. त्याने प्रथम वहीकडे पाहिले, मग जीआरकडे आणि मग सवयीने घराच्या दिशेने.